वास सांगितलास ना?

माझ्या धाकट्या बहिणीला सगळे बारकी म्हणतात. ती माझ्यापेक्षा चांगली वीतभर उंच आहे आणि चाळिशीला टेकली आहे, तरी बारकीच. गाडी चालवायला शिकवते. शिकणाऱ्याच्या शेजारच्या सीटवर बसायचं, पायाखाली जादाचा ब्रेक, आणि दिवसभर "क्लच, क्लच, अहो क्लच!" म्हणून ओरडायचं. इतका धीर मला जन्मात जमायचा नाही. मी एका हॉस्पिटलच्या तळमजल्यावरच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. माझे पेशंट काचेवर असतात, बोलत नाहीत, आणि त्यामुळे माझं त्यांच्याशी बरं जमतं.

बारकीचा एक गर्भ गोठवून ठेवलेला होता. एकच. आधीचे दोन तिच्या पोटात सोडले होते, दोन्ही रुजले नाहीत. नवीन बीजं मिळायची आशा सोडा असं क्लिनिकच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, वय आणि बीजाशय दोन्ही ऐकेनात. म्हणजे जे काही होतं ते त्या नळीतल्या ठिपक्यात होतं. नवऱ्याने, म्हणजे आमच्या जावईबापूंनी, घरातल्या छोट्या खोलीतली कपाटं हलवून ठेवली होती. का हलवली, असं कुणी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

या वेळी काही म्हणून अंगाशी येऊ द्यायचं नाही असं बारकीने ठरवलं होतं. गर्भ सोडायच्या आधी अंगात कुठे पू-बिऊ नको म्हणून डॉक्टरांनी दात दाखवायला सांगितलं, तर अक्कलदाढ किडलेली निघाली. ती काढली. गाल सुजला, आणि दातांच्या डॉक्टरांनी अँटिबायोटिकचा कोर्स दिला. कोर्स तिने मन लावून पुरा केला. गोळी चुकवायची नाही, हे तिच्या डोक्यात मीच भरवलेलं.

आता एक गोष्ट सांगायला हवी, ती मी रोज काचेवर बघते. बाईच्या योनीत काही जंतू कायम राहतात, दह्यातल्या जंतूंचे भाऊबंद. सूक्ष्मदर्शकाखाली ते आखूड काड्यांसारखे दिसतात. ते आम्ल तयार करतात, आणि त्या आंबटपणामुळे बाकीच्यांचं फावत नाही. अँटिबायोटिकला दाढेतले जंतू कोणते आणि हे राखणदार कोणते, हे कळत नाही. सगळ्यांना सारखंच झोडपतं. राखणदार पळाले की घरात कोण शिरेल याचा नेम नाही. कधी बुरशी वाढते. कधी हवेवाचून जगणारे दुसरेच जंतू दाटी करतात, त्याला बॅक्टेरियल व्हजायनोसिस म्हणतात. दोघांची औषधं अगदी वेगळी. एकाच्या औषधाने दुसऱ्याच्या केसालाही धक्का लागत नाही.

पण हे बारकीला कोण सांगणार? तिला तर आधीच सगळं माहीत होतं.

"अँटिबायोटिकनंतर बुरशीच होते," ड्रायव्हिंग स्कूलच्या ऑफिसात बसणाऱ्या वहिनीने तिला सांगितलं. या वहिनी म्हणजे गावभरची धन्वंतरी. "मला झालं होतं ना. ही गोळी आतून ठेव, हे मलम लाव, बघ कसा फरक पडतो." औषधाच्या दुकानात रिकामं पाकीट दाखवलं की तेच नवं मिळतं, कुणी काही विचारत नाही. बारकीलाही काही वर्षांपूर्वी एकदा बुरशी झाली होती आणि याच औषधाने गेली होती. मग काय, अंदाजपंचे दाहोदरसे.

तेव्हा खाज होती, दह्याच्या चोथ्यासारखं घट्ट पांढरं जात होतं. आता पातळ, पाण्यासारखं, करड्या रंगाचं जात होतं. खाज जवळजवळ नव्हतीच. एक वास मात्र होता, माशांसारखा. हा फरक तिला दिसत नव्हता असं नाही. दिसत होता, पण ज्याचं औषध हाताशी होतं तेच झालंय असं मानणं तिला सोपं गेलं.

मलमाने वास गेला नाही. जाणार कसा? आजार म्हशीला आणि औषध पखालीला. आणि बारकीचा धंदा असा, की दिवसभर बंद गाडीत, एक हात अंतरावर परका माणूस. एका कॉलेजच्या पोरीने नाकाला रुमाल लावला आणि "मॅडम, काच खाली करू?" असं विचारलं. बारकी म्हणाली, "कर की, आज उकडतंय." घरी येऊन तिने सुगंधी लिक्विड आणलं आणि आतून धुवायला लागली. सकाळी, दुपारी ऑफिसच्या बाथरूममध्ये, संध्याकाळी घरी. गुलाबाचा वास. जे दोन-चार राखणदार उरले असतील तेही त्या गुलाबात वाहून गेले असतील.

त्या लिक्विडने आग व्हायला लागली. "बघ," वहिनी म्हणाली, "आग होते म्हणजे बुरशीच." पुन्हा मलम.

त्यातच गर्भ सोडायची तारीख जवळ आली आणि क्लिनिकने ठरल्याप्रमाणे प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या सुरू केल्या. या गोळ्या योनीतूनच घ्यायच्या असतात. त्या विरघळताना पांढरा चुरा उरतो, तो बाहेर येतो, कपड्यांना लागतो. त्यात काही वावगं नाही. बारकीने आधीच्या दोन्ही वेळी हा चुरा बघितला होता. पण माणूस घाबरला की त्याला जे हवं ते दिसतं. तिने तो पांढरा चुरा बघितला आणि तिची खात्रीच पटली. दह्यासारखं जातंय! एवढं औषध करूनही बुरशी हटत नाही! मग मलमाची जास्त जोरदार ट्यूब.

इथवरचं मला काहीच माहीत नव्हतं. सख्खी बहीण दिवसभर असल्या काचा बघत बसते, आणि हिने विचारलं कुणाला, तर पावती फाडणाऱ्या वहिनीला! कळलं तेव्हा मला इतका राग आला की बोलता येईना. नंतर बोलता आलं, आणि मग बोललेच.

ती लॅबमध्ये आली ती जेवणाच्या सुट्टीत. तारीख उंबरठ्यावर आलेली. मागच्या खोलीत, सेंट्रिफ्यूजच्या घरघरीत, तिने सगळं सांगितलं. सांगताना माझ्याकडे बघत नव्हती, भिंतीवरच्या सुयांच्या डब्याकडे बघत होती.

"तू बघ ना ताई. तुझ्या यंत्रात बघ. काय आहे ते कळलं की मी ते औषध घेते, दोन दिवसांत बरी होते. क्लिनिकला कशाला सांगायचं?"

"यंत्र नाही ते, सूक्ष्मदर्शक आहे. आणि आज धुतलंस?"

"हो मग? तुझ्याकडे तशीच येऊ?"

"मलम?"

"सकाळी लावलं."

मी कपाळावर हात मारला. रक्त द्यायच्या आधी कुणी रक्त पुसून येतं का? पण बायका येतात अशा. डॉक्टरांसमोर घाण नको म्हणून आतून-बाहेरून चकाचक धुऊन येतात, आणि जे बघायचं तेच नेमकं मोरीत गेलेलं असतं. बारकीला तरी वेगळं वाटायचं काय कारण?

तरी मी तिला कापसाची काडी दिली, बाथरूममध्ये कसा नमुना घ्यायचा ते सांगितलं. काडी आणली तेव्हा आधी गुलाबाचा वास आला. त्याच्या मागे, फार पुसट, दुसरा.

आम्लाची पट्टी लावली. निरोगी योनी चांगली आंबट असते, आकडा साडेचारच्या आत राहतो, आणि बुरशीतही साधारण तसाच राहतो. व्हजायनोसिसमध्ये तो वर चढतो. पट्टी आकडा वर चढलेला दाखवत होती. पण नळाचं पाणी आत गेलं, साबण आत गेला, तरी पट्टी वर चढते. त्या आकड्यावर विश्वास कसा ठेवायचा? एक थेंब केओएचचा, म्हणजे पोटॅशच्या पाण्याचा, टाकला आणि नाक जवळ नेलं. व्हजायनोसिस असेल तर या थेंबाने माशांचा वास भपकन उठतो. इथे उठला असं वाटलं. गुलाबातून उठला. की मलाच तसं वाटत होतं?

मग काच लावली. तेलाचे थेंब, गोलच गोल, मलमाचे. गोळीचे खडे. पेशी चार-दोन, सुट्या-सुट्या, धुऊन निघालेल्या. राखणदार काड्या नाहीत. बुरशीचे धागे नाहीत, कळ्या नाहीत, पण मलमाने असलेली बुरशीही लपते. दोन पेशी मात्र अशा होत्या की कडा नीट दिसत नव्हती, पिठाने माखल्यासारखी. जंतू कडेला चिकटले की अशी दिसते. त्याला आम्ही क्लू सेल म्हणतो. पण बघितलेल्या दर पाच पेशींत एक तरी तशी हवी, तेव्हा निदान होतं, आणि त्यासाठी आधी धड पेशी तरी हव्यात. दोन पेशींवरून काय म्हणू?

मी पुन्हा पुन्हा काच सरकवली. मला ठाम उत्तर हवं होतं, म्हणून काहीतरी दिसावं असं वाटत होतं. इतकी वर्षं हे काम करते, दुसऱ्यांच्या बायकांचे, दुसऱ्यांच्या बहिणींचे रिपोर्ट लिहिते. आणि माझ्या बहिणीची काच समोर असताना मला काहीही दिसत नव्हतं. हातातलं सगळं ज्ञान पालथ्या घड्यावर पाणी.

"काय आहे?" बारकी मागून म्हणाली.

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे? तू लॅबवाली ना?"

"म्हणूनच सांगतेय. माझं नाक म्हणतं बुरशी नाही, दुसरं आहे. पण नाकावर मी सही करत नाही."

"मग त्या दुसऱ्याच्या गोळ्या दे."

"आणि बुरशी असली तर? त्या गोळ्यांनी ती आणखी माजेल. दोन्ही एकदम असली तर? बारके, इतके दिवस अंदाजानेच चाललंय ना? काय मिळालं?"

ती स्टुलावर बसली. गाडीत ब्रेकवर असतो तसा तिचा उजवा पाय जमिनीवर घट्ट दाबलेला होता. मी तिला निक्षून सांगितलं, म्हणजे जरा ओरडूनच. आजपासून मलम बंद. धुणं बंद. क्लिनिकच्या गोळ्यांशिवाय आत काहीही घालायचं नाही. आणि आत्ताच्या आत्ता क्लिनिकला फोन करून सगळं सांगायचं.

"तारीख पुढे ढकलतील."

"ढकलू देत. गर्भ बर्फात आहे. तो काय म्हातारा होतोय?"

"मी होतेय," बारकी म्हणाली.

जाताना ती म्हणाली, करते फोन, शप्पथ. आणि जावईबापूंना सांगू नको म्हणाली. मी म्हटलं, ते काय तुला खाणार आहेत? ती म्हणाली, "वास येतो म्हटल्यावर माणूस काय विचार करेल ताई? गेल्या महिन्यापासून आम्ही एकत्रही आलेलो नाही. मग हे कुठून आलं, असं नाही वाटायचं?" मी तिला सांगितलं, हे कुणाकडून आलेलं नाही, ते दाढेच्या गोळ्यांनी झालंय. तिने मान हलवली. ऐकल्यासारखी मान हलवायची तिला लहानपणापासून सवय आहे.

संध्याकाळी मी फोन केला. "केलास?"

"केला. त्या म्हणाल्या, नॉर्मल आहे, गोळ्या चालू ठेवा."

"नॉर्मल कसं? वास सांगितलास ना?"

"सगळं सांगितलं गं. किती डोकं खातेस."

क्लिनिकवाले नॉर्मल म्हणतायत म्हटल्यावर मी काय बोलणार? तरी मला ते पटत नव्हतं. मी म्हटलं, मी बरोबर येते. ती म्हणाली, ये.

क्लिनिकची ती खोली छोटी होती, उबदार, मंद दिव्यांची. शेजारच्या खोलीत जाणारी एक चौकोनी खिडकी होती, तिथून गर्भ आणतात. सोबतच्या एकालाच आत येऊ देतात. बारकी म्हणाली, ताई येऊ दे. जावईबापू बाहेरच्या बाकावर बसले, मांडीवर तिची पर्स घेऊन, दोन्ही हातांनी धरून. माणूस भला आहे. मिक्सर बंद पडला तरी त्याला "काय झालं रे?" असं विचारणारा.

डॉक्टर आल्या. आमच्याच वयाच्या, कमी बोलणाऱ्या. आत बघायचं उपकरण लावलं आणि त्यांचे हात थांबले. मी बारकीच्या डोक्याशी उभी होते, मला तिथवर वास आला. या वेळी गुलाब नव्हता. माझं ऐकून तिने धुणं थांबवलं होतं. माझं अर्धंच ऐकलं होतं.

"हे किती दिवस आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

बारकीने डोळे मिटले. "दाढ काढल्यापासून."

"फोन केला होतात ना? सिस्टर, काय नोंद आहे?"

सिस्टर गोंधळल्या. "पांढरं जातंय एवढंच म्हणाल्या होत्या. मी म्हटलं गोळीचा चुरा असतो तो. वासाचं, आगीचं काही बोलल्या नाहीत. मी विचारलं होतं, आणखी काही त्रास? तर नाही म्हणाल्या."

"हे समोर बसले होते," बारकी म्हणाली. "स्पीकरवर होता फोन. ते सगळे फोन स्पीकरवरच लावतात. माझ्या तोंडून नाहीच निघालं."

मला तिला थोबाडीत मारावंसं वाटलं. आणि पोटाशी धरावंसं वाटलं. दोन्ही एकदम वाटलं, आणि दोन्ही केलं नाही, तिच्या कपाळावर नुसता हात ठेवून उभी राहिले.

डॉक्टरांनी योनीच्या बाजूच्या भिंतीवरून नमुना घेतला. मी लॅबची आहे हे त्यांना माहीत होतं, म्हणून मला म्हणाल्या, या, तुम्हीही बघा. पलीकडच्या टेबलावर काच लावली होती. मी वाकले. मोठ्या सपाट पेशी, एकीमागून एक, आणि बहुतेक सगळ्यांच्या कडा जंतूंनी बुजलेल्या. पिठात लोळवल्यासारख्या. राखणदार काडी औषधालाही नाही. आणि बुरशी? एक धागा नाही, एक कळी नाही. केओएचच्या थेंबाने खोली वासाने भरून गेली. निदान करायला इतकी सोपी काच मी वर्षात बघितली नसेल. शिकाऊ पोरीनेही सांगितलं असतं.

म्हणजे ते सगळं मलम, त्या सगळ्या गोळ्या, ज्या बुरशीसाठी होत्या ती बुरशी बहुधा तिथे नव्हतीच.

"कळवलं असतंत, तर आपण आज हे केलंच नसतं," डॉक्टर बारकीजवळ येऊन बसल्या. रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "आधी तपासून आठवडाभराच्या गोळ्या दिल्या असत्या, पुढच्या महिन्यात सोडला असता. गोठलेल्या गर्भाला घाई नसते. पण तो आज सकाळी उबेला काढलाय."

"मग परत ठेवा ना," बारकी म्हणाली.

"ठेवता येतो. पण एकदा काढून पुन्हा गोठवला की टिकेलच असं सांगता येत नाही. तो आज छान आहे. उद्याचं मी बोलू शकत नाही."

"आणि आज सोडला तर?"

"असा दोष असताना गर्भ रुजायची शक्यता कमी होते का, यावर डॉक्टरांचंही एकमत नाही. काही म्हणतात होते, काही म्हणतात फरक पडत नाही. हातात वेळ असता तर मी थांबले असते. आता वेळ नाही." "दोन्हींपैकी एकही चूक नाही. पण ठरवावं तुम्हाला लागेल."

बारकीने माझ्याकडे बघितलं. तिला माझ्याकडून उत्तर हवं होतं. लहानपणी भूगोलाच्या पेपरला जायच्या आधी असंच बघायची, काय येईल ताई, सांग ना. मी काय सांगणार होते? मला तरी कुठे माहीत होतं?

"त्यांना आत बोलवा," ती म्हणाली.

जावईबापू आले. डॉक्टरांनी त्यांना सगळं सांगितलं, शब्द न चोरता, वासासकट. ते ऐकत राहिले. मग बारकीला म्हणाले, "एवढंच? अगं, मला सांगायचं होतंस ना. मी बाहेर जाऊन उभा राहिलो असतो." तेव्हा बारकी रडली, इतके दिवस रडली नव्हती ती.

त्यांनी गर्भ सोडायचं ठरवलं. डॉक्टरांनी गर्भाशयाचं तोंड सलाइनने हळूहळू पुसून काढलं, खिडकी उघडली, आतून बारीक नळी आली. पडद्यावर एक पांढरा ठिपका सरकला आणि थांबला. सगळे त्या ठिपक्याकडे बघत होते. माझ्या मनात त्या पेशींच्या कडा होत्या, त्या काही केल्या जात नव्हत्या. त्याच संध्याकाळी व्हजायनोसिसच्या गोळ्या सुरू झाल्या, गरोदरपणातही चालणाऱ्या. कोर्स संपेस्तोवर वास पार गेला. किती सोपं होतं.

रक्ततपासणीचा नमुना माझ्याच लॅबला आला. मी यंत्राजवळ उभी राहिले नाही. सहकारी आली, खांद्यावर हात ठेवून गेली. गर्भ रुजला नव्हता.

त्यानंतर काही दिवसांनी बारकीचा फोन आला. आवाज चिडका होता. "परत आलंय. तो वास येईल आता, मला माहितीये. त्या वासाच्या गोळ्यांच्या पाकिटात जास्तीच्या दोन उरल्यात, त्या घेऊ?" मी म्हटलं, काहीही घेऊ नकोस, धुऊ नकोस, जशी आहेस तशी ये. या वेळी आली, निमूट.

वास नव्हता. आंबटपणा जसा हवा तसा होता, पट्टी खालीच राहिली. पण खाज इतकी, की तिला खुर्चीत बसवेना. आणि काचेवर केओएच टाकल्यावर पेशी विरघळल्या आणि मागे उरले ते लांब, फांद्या फुटलेले धागे, त्यांच्या कडेला गोल कळ्या. बुरशी. या वेळी खरीखुरी. व्हजायनोसिसच्या गोळ्यांनी ते जंतू मारले आणि मोकळ्या जागेत हिने बस्तान मांडलं. होतं असं, नेहमी होतं. त्या उरलेल्या गोळ्या तिने घेतल्या असत्या तर आगीतून फुफाट्यात पडली असती.

डॉक्टरांनी लिहून दिलं ते तेच मलम होतं. अगदी तेच. आता ते लागू पडलं. आठवड्याच्या आत खाज गेली. पुढे मी पुन्हा एकदा काच लावली, तिने सांगितलं नव्हतं तरी. आंबट, शांत, आणि काड्याच काड्या, राखणदार परत येऊन बसलेले. अशी निरोगी काच बघितली की मला एरवी बरं वाटतं. त्या दिवशी मी ती काच कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि मग मला रडू आलं. घर आता स्वच्छ होतं, आणि येणारं कुणी नव्हतं.

मी तिला सांगायला ड्रायव्हिंग स्कूलवर गेले. ती दोन विद्यार्थ्यांच्या मधल्या वेळात गाडीच्या बॉनेटला टेकून चहा पीत होती. "सगळं साफ आहे," मी म्हटलं. तिने मान हलवली. या वेळी खरंच ऐकलं होतं.

"ताई, खरं सांग. त्याच्यामुळेच झालं का गं?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. मी त्याचं उत्तर घरातून घासूनपुसून आणलं होतं. बरेचसे गर्भ सगळं ठीक असतानाही रुजत नाहीत. आधीचे दोन कुठे रुजले होते? डॉक्टरांनाही सांगता येत नाही. हे सगळं खरं होतं आणि मी ते सगळं बोलले.

"म्हणजे नाही?"

"तसंही म्हणता येत नाही."

"म्हणजे हो?"

"बारके, मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. कळायचं काही साधन नाही."

तिने कप बॉनेटवर ठेवला. समोर पुढचा विद्यार्थी येऊन उभा होता, तिने त्याला हाताने थांब म्हणून खुणावलं.

"तू हो म्हणाली असतीस तर मी स्वतःला शिव्या घातल्या असत्या," ती म्हणाली. "नाही म्हणाली असतीस तर देवाला घातल्या असत्या. आता कुणाला घालू?"

"मला घाल," मी म्हटलं.

तिने तोंड उघडलं. पण तेही तिला जमलं नाही.